सकाळीच चावणारा फ्रीज: बॉडीला शॉक का येतो आणि दोष कसा शोधायचा

मावशीचा फोन आला तेव्हा मी हसलो होतो. "अरे, आपला फ्रीज चावायला लागलाय. आणि तोही फक्त सकाळी. दुपारी कितीही हात लाव, काही नाही." कंपनीचा मेकॅनिक दुपारी तीनला येऊन गेला होता. त्याने फ्रीज तपासला, मशीन चांगलं आहे म्हणाला आणि जाताना खाली रबरी चटई टाकायला सांगून गेला. मावशीने चटई टाकली. चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी सकाळी एका हाताने सिंकचा स्टीलचा नळ धरलेला असताना दुसऱ्या हाताने फ्रीजचं दार उघडलं, आणि शॉकने हात आदळून ओट्यावरचं दुधाचं पातेलं खाली पडलं.

तेव्हा मात्र मी टूलबॅग उचलून ठाण्याला गेलो. घराघरांतली वायरिंग तपासायचं काम मी बरीच वर्षं करतो. "फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येतात" ही तक्रार इतकी नेहमीची आहे की लोक ती मला जाता जाता, चहा घेताना सांगतात. मावशीच्या फ्रीजची गोष्ट पुढे येईलच, कारण त्यात दोष फ्रीजचा नव्हताच. पण आधी या झिणझिण्या येतात कुठून ते पाहू.

झिणझिण्या म्हणजे एक दोष आधीच झालेला असतो

फ्रीज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, कॉम्प्युटर अशा उपकरणांतून थोडा करंट नेहमीच बॉडीकडे झिरपत असतो. आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. मोटरची गुंडाळी आणि लोखंडी सांगाडा यांच्यामधूनही थोडी गळती होते. हे नव्याकोऱ्या मशीनमध्येही असतं आणि त्यात काही चूक नाही, कारण हा करंट अर्थिंगच्या हिरव्या वायरने जमिनीत निघून जाईल असं धरूनच मशीन बनवलेलं असतं.

ती हिरवी वायर कुठेतरी तुटली की हा करंट बॉडीवर थांबून राहतो आणि तुमची वाट पाहतो. तुम्ही अनवाणी पायाने दाराला हात लावला की हिरव्या वायरचं काम तुमचं शरीर करतं. साधारण अर्धा ते एक मिलिअँपिअर करंट बोटांना जाणवतो. झिणझिण्या, मुंग्या, बोट हलकेच फिरवलं तर पत्रा खरखरीत लागणं हा सगळा त्याचाच प्रकार.

यावरून एक सरळ गोष्ट निघते, आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अर्थिंग चांगलं असेल तर गळका फ्रीजही तुम्हाला शॉक देऊ शकत नाही. म्हणजे बॉडीवर झिणझिण्या आल्या की फ्रीज बिघडलेला असो वा नसो, अर्थिंग तुटलंय हे पक्कं समजायचं. जीव जाण्यासाठी बहुतेक वेळा दोन दोष एकत्र यावे लागतात: अर्थिंग तुटलेलं असणं आणि फेजची वायर बॉडीला लागणं. झिणझिण्या म्हणजे त्यातला पहिला होऊन बसलाय. दुसरा कधी होईल ते उंदराने वायर कधी कुरतडली, कॉर्ड फ्रीजच्या पायाखाली कधी चिरडली, यावर ठरतं. त्या दिवशी आधी झिणझिण्या येणार नाहीत. हाताला थेट २३० व्होल्ट लागतील. दहा मिलिअँपिअरच्या आसपास मुठीचे स्नायू आवळतात आणि धरलेलं हँडल सोडता येत नाही. तीसच्या पुढे काही क्षण गेले तरी श्वास आणि हृदय धोक्यात येतं.

"पण एमसीबी आहे ना, तो पडेल की!" असं लोक म्हणतात. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळा अँपिअरच्या वर करंट गेला तरच पडतो. तुमच्या शरीरातून जाणारा जीवघेणा करंट त्याच्या पाचशेव्या भागाएवढा असतो. एमसीबीला तो कळतच नाही.

एक अपवाद सांगून ठेवतो. कोरड्या हवेत, सिंथेटिक कपडे घालून किंवा गालिच्यावर चालून आल्यावर कधी एकदाच चट् करून ठिणगी बसते. ती स्थिर वीज. ती एकदा बसते आणि संपते, लगेच पुन्हा हात लावला तर काही होत नाही. फ्रीजच्या झिणझिण्या हात लावलेला असेपर्यंत चालू राहतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर पहिल्या प्रकाराची शक्यता फारच कमी.

शॉक जाणवल्यावर पहिल्या पाच मिनिटांत

पुन्हा हात लावून खात्री करू नका. "बघू, तुला पण येतो का?" हा प्रकार घरोघरी चालतो, तो पहिला बंद करा. पायात कोरडी चप्पल घाला, हात पुसा आणि भिंतीवरचं फ्रीजचं बटण बंद करा. मग प्लगचा प्लास्टिकचा भाग धरून प्लग ओढून काढा. प्लग फ्रीजच्या मागे अडकला असेल तर फ्रीज सरकवायला जाऊ नका. आधी मेन स्विच पाडा, मग पत्र्याला उघडा हात न लावता फ्रीज ओढा आणि प्लग काढा.

नुसतं बटण बंद करून थांबू नका, प्लग बाहेर काढाच. का ते मावशीच्या घरी कळेल. दार उघडलं नाही तर आतला माल साधारण चार तास ठीक राहतो, त्यामुळे दुधासाठी जीव टांगणीला लावण्याचं कारण नाही. घरात लहान मुलं किंवा कामाला येणाऱ्या ताई असतील तर त्यांना तोंडी सांगा आणि दारावर कागदही चिकटवा.

कोणी चिकटलंच असेल तर त्या माणसाला हात लावू नका. मेन पाडा. मेन लांब असेल तर कोरडी लाकडी काठी, प्लास्टिकची खुर्ची असं काहीतरी घेऊन त्याला ढकलून वेगळं करा. बेशुद्ध असेल तर १०८ ला फोन लावा, आणि श्वास चालत नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत राहा.

डोळ्यांनी दिसणारे दोष

प्लग बाहेर आला की तो नीट बघा. वरची जाड पिन अर्थिंगची. ती इतर दोन पिनांपेक्षा लांबही असते, म्हणजे प्लग घालताना अर्थिंग आधी जोडलं जातं आणि काढताना शेवटी सुटतं. ही पिन कापलेली, मोडलेली किंवा हलत असलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. जुन्या घरात दोन भोकांचंच सॉकेट असतं, मग कोणीतरी पक्कड घेऊन तिसरी पिन उडवतो, नाहीतर वीस रुपयांचा टू-पिन कन्व्हर्टर लावतो. दोन्हीचा परिणाम एकच: फ्रीजचं अर्थिंग संपलं.

मग एक्स्टेन्शन बोर्ड. स्वस्त बोर्डांवर भोकं तीन दिसतात, पण मागून निघणाऱ्या वायरीत पदर दोनच असतात. बोर्डाचा प्लग दोन पिनांचा असेल तर प्रश्नच नाही, त्यात अर्थिंग नाही. तीन पिनांचा असला तरी वायर दोन बोटांत चिमटीत धरून बघा. चपटी, दोन पदरांची वाटली तर तो बोर्ड फ्रीजसाठी नाही. खरं तर फ्रीज कुठल्याच एक्स्टेन्शनवर चालवू नये.

हे सगळं ठीक असेल तर फ्रीजच्या मागची कॉर्ड टोकापासून टोकापर्यंत बघा. कुठे चिरडली, सोलली, कुरतडली आहे का? कॉम्प्रेसरच्या बाजूच्या छोट्या डब्यात झुरळं आणि ओल फार साचते, पण तो डबा तुम्ही उघडू नका.

टेस्टर घेऊन तीन स्थिती

इतपत काम घरातला कोणीही सावध माणूस करू शकतो. कोरडी चप्पल, कोरडे हात आणि साधा निऑन टेस्टर. टेस्टर आधी एखाद्या चालू सॉकेटच्या फेजमध्ये घालून दिवा लागतो याची खात्री करा. तिथेच लागत नसेल तर पुढचं काही खरं मानू नका. पुढची चाचणी फ्रीजच्या रंगावर घेऊ नका. रंग वीज अडवतो, टेस्टर लागत नाही आणि माणूस उगाच निश्चिंत होतो. दाराच्या बिजागरीचा उघडा स्क्रू किंवा मागच्या बाजूचा रंग नसलेला पत्रा शोधा. हात फक्त टेस्टरला, फ्रीजला नाही.

पहिली स्थिती: प्लग लावलेला, बटण चालू. टेस्टर लागला तर बॉडीवर व्होल्टेज आहे. किती ते टेस्टर सांगू शकत नाही. नुसत्या फिल्टरच्या गळतीलाही तो लागतो आणि सरळ फेज चिकटली तरीही लागतो. उजेडात तो मंद दिसतो आणि जाड तळाच्या चपलेत कधी लागतही नाही. म्हणून टेस्टर लागला तर धोका नक्की, पण लागला नाही म्हणून सुरक्षित, असं होत नाही.

दुसरी स्थिती: प्लग तसाच ठेवून फक्त बटण बंद. टेस्टर विझला तर व्होल्टेज त्या फ्रीजमधूनच येत होतं आणि अर्थिंगने ते वाहून नेलं नाही. विझला नाही तर जरा थांबून विचार करायला हवा. बटण बंद असताना बॉडीवर वीज राहण्याची मुख्य कारणं दोन. एक म्हणजे वायरमनने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घातलंय, त्यामुळे बटण बंद करूनही फेज फ्रीजपर्यंत येतच राहते. दुसरं म्हणजे वीज फेजच्या पिनेतून नाही, अर्थिंगच्या पिनेतून येते आहे! दोन्ही वेगळे ओळखायला स्वयंपाकघराचा एमसीबी पाडा. विझला तर बहुधा पहिलं कारण. तरीही लागत राहिला तर बहुधा दुसरं.

तिसरी स्थिती: प्लग बाहेर. आता टेस्टर लागायला नको. लागला तर फ्रीजचा पत्रा ओल्या भिंतीला किंवा दुसऱ्या एखाद्या चालू वस्तूला टेकलाय का ते बघा.

अर्थिंगमधून वीज येते हे ऐकून बहुतेकांचा विश्वास बसत नाही. घरातल्या सगळ्या तीन-पिन सॉकेटांची हिरवी वायर शेवटी एकाच ठिकाणी येते, म्हणजे फ्रीज, गीझर, वॉशिंग मशीन, मिक्सर यांचे पत्रे एकमेकांना जोडलेलेच असतात. जमिनीकडे जाणारी वाट शाबूत असेल तर यात काही बिघडत नाही. ती वाट मीटरपाशी तुटली तर मात्र एका उपकरणाची गळती सगळ्यांच्या बॉडीवर पसरते. गीझरमध्ये दोष आणि शॉक फ्रीजला, असं होतं ते यामुळे. आणि भिंतीवरचं बटण फक्त फेज तोडतं, हिरवी वायर तोडत नाही. म्हणूनच प्लग काढायचा.

मावशीच्या घरी काय सापडलं

चार मजली, तीसेक वर्षं जुनी इमारत, मावशी दुसऱ्या मजल्यावर. मी दुपारी गेलो तेव्हा फ्रीज अर्थातच मुकाट होता. फ्रीजच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावला. समोरून पाहताना वरचं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. चांगल्या घरात फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये शून्य ते दोन-तीन व्होल्ट मिळायला हवेत.

मावशीकडे फेज-न्यूट्रल २३१ होतं. फेज-अर्थिंग १३९. न्यूट्रल-अर्थिंग ९२. शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज करा, २३१ येते. अशी बेरीज जुळली आणि दोन्ही आकडे मधलेच कुठलेतरी असले की समजावं, हिरव्या वायरचं दुसरं टोक जमिनीत नाही, ती मध्येच लोंबकळते आहे.

मग मावशीला विचारलं, सकाळी काय काय चालू असतं? "गॅस, मिक्सर, आणि साडेसहाला गीझर." गीझर लावायला सांगितला आणि मीटर तसाच धरून ठेवला. न्यूट्रल-अर्थिंगचा आकडा ९२ वरून १९६ वर गेला. फेज-अर्थिंग ३५ वर आलं. गीझरचा प्लग काढला, पुन्हा ९२. परत लावला, १९६. फ्रीजचा प्लग या सगळ्या वेळात बाहेर होता, त्यामुळे फ्रीजवर संशय घ्यायला जागाच उरली नाही. गीझरचा एलिमेंट आतून फुटून पाण्यात आणि टाकीवर वीज सोडत होता. ती हिरव्या वायरीतून स्वयंपाकघरात येऊन फ्रीजच्या दारावर बसत होती. मेकॅनिक दुपारी आला, दुपारी गीझर बंद, त्याला काही सापडणं शक्यच नव्हतं. आणि रबरी चटईने फक्त पायांची वाट अडवली होती. नळाला हात लागला आणि वीज एका हातातून दुसऱ्या हातात, छातीमधून गेली. मावशीकडचे पाइप अजून जुने, लोखंडी आहेत.

हे मीटर लावून बघायचं काम मात्र घरी करू नका. सॉकेटात दोन टोकं घालताना हात घसरला तर काय होतं ते मी पाहिलंय. आणखी एक गोष्ट, जी काही वायरमनही विसरतात. अर्थिंग आहे का हे बघायला फेज आणि अर्थिंगमध्ये शंभर वॅटचा दिवा लावायची जुनी पद्धत आहे. अर्थिंग चांगलं असेल तर दिवा लख्ख पेटतो, आणि आरसीसीबी, म्हणजे गळती दिसली की वीज तोडणारा स्विच, असेल तर तो पडतो. पण अर्थिंग तुटलेलं असेल तर त्या दिव्याच्या तारेतून फेज थेट हिरव्या वायरीत जाते आणि घरातल्या प्रत्येक उपकरणाचा पत्रा जिवंत होतो. दिवा पेटत नाही म्हणून वायरमन डोकं खाजवत बसतो, आणि तिकडे बाथरूममध्ये कोणीतरी वॉशिंग मशीनला हात लावतं. ही चाचणी करायचीच असेल तर आधी घरातले सगळे तीन-पिन प्लग काढा आणि सगळ्यांना एका खोलीत बसवा.

अर्थिंग नेमकं कुठे तुटलंय ते खाली मीटर रूममध्ये सापडलं. मागच्या वर्षी रंगकाम झालं तेव्हा मीटर बोर्ड थोडा सरकवला होता. फ्लॅटांकडून येणाऱ्या हिरव्या वायरी एकत्र पिळून एका गंजक्या बोल्टला गुंडाळून ठेवलेल्या, बोल्टला नट नाही, आणि खड्ड्याकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीवर ऑइलपेंटचा जाड थर. हलवलं की वायर हातात येत होती. त्या पिळात मावशीसकट चार घरांच्या वायरी होत्या. वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आमचं वॉशिंग मशीनही सकाळी जरा झिणझिणतं, पण मी चप्पल घालते." मावशीच्या गीझरने चार घरांच्या मशिनी झिणझिणवल्या होत्या.

सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावलं, परवानाधारक ठेकेदाराला आणलं. मेन बंद करून पट्टी पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, प्रत्येक वायरीला तांब्याचा लग दाबून बसवला, नवा बोल्ट, वॉशर आणि नट. इमारतीचा अर्थिंगचा खड्डा गाड्यांच्या पार्किंगखाली पेव्हर ब्लॉकने झाकला गेला होता. तो उघडला, पाणी सोडलं आणि अर्थ टेस्टरने मोजलं तेव्हा तीन ओहमच्या थोडं वर आलं. जोडणी झाल्यावर मावशीच्या स्वयंपाकघरात न्यूट्रल-अर्थिंग १.१ व्होल्ट.

त्याच दिवशी मावशीच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. गीझर लावला आणि आरसीसीबी पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. तेव्हा कुठे मावशीला पटलं की फ्रीज बिचारा निर्दोष होता. एलिमेंट बदलल्यावर गीझर शांतपणे चालू राहिला.

वायरमनला करू द्यायच्या नाहीत अशा गोष्टी

अर्थिंग नाही हे कळल्यावर खड्ड्यापर्यंत वायर न्यायला खर्च येतो, म्हणून दोन शॉर्टकट सर्रास मारले जातात. दोन्ही झिणझिण्यांपेक्षा वाईट.

पहिला, सॉकेटच्या मागे न्यूट्रलपासून अर्थिंगच्या टर्मिनलला एक छोटी वायर लूप मारणं. झिणझिण्या लगेच बंद होतात, टेस्टर विझतो, घरमालक खूश. पण आता फ्रीजची बॉडी न्यूट्रलवर बसली आहे. बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू सैल झाला किंवा बाहेर खांबावर न्यूट्रल तुटली, की फेज फ्रीजमधून फिरून न्यूट्रलवर येते आणि तिथून सरळ दारावर. पूर्ण २३० व्होल्ट, फ्रीजमध्ये एकही दोष नसताना! ही लूप पकडायची एक युक्ती आहे. त्याच सर्किटवर इस्त्री लावा आणि न्यूट्रल-अर्थिंगचं व्होल्टेज बघा. खऱ्या अर्थिंगमध्ये लोड आल्यावर आकडा थोडा, एखाद्या व्होल्टने तरी वर सरकतो, कारण न्यूट्रलच्या वायरीत करंट वाहतो आणि हिरव्या वायरीत वाहत नाही. आकडा शून्यावर ठोकल्यासारखा बसून राहिला तर सॉकेट उघडून मागे बघायला सांगा. अशा घरात हिरवी वायर कुठेतरी थोडी जरी जमिनीला लागत असेल, तर आरसीसीबी बसवला की तो सारखा पडतो. मग वायरमन "हे फार सेन्सिटिव्ह आहे" म्हणत आरसीसीबी काढून टाकतो, लूप तशीच राहते.

दुसरा शॉर्टकट, नळाच्या पाइपला अर्थिंग. जुन्या काळी लोखंडी पाइप जमिनीपर्यंत जायचा तेव्हा ते कसंबसं चालून जायचं. आता मध्ये कुठेतरी प्लास्टिकचा पाइप जोडलेला असतो. वीज जमिनीत जात नाही, शेजाऱ्यांच्या शॉवरपर्यंत मात्र जाते.

भाड्याच्या घरात अर्थिंगची वायरच ओढलेली नसेल तर मालकाशी बोलायला एक मुद्दा हाताशी ठेवा. नुसत्या फ्रीजपुरती एक वायर ओढून भागत नाही, मीटरपासून पुढे संपूर्ण घराला एक हिरवी वायर हवी आणि खाली तिला पकडणारा खड्डा हवा. पाइपचा इलेक्ट्रोड साधारण अडीच मीटर खोल जातो. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं, नाहीतर माती कोरडी पडून रेझिस्टन्स वाढतो. एप्रिल-मेमध्ये झिणझिण्या सुरू झाल्या आणि पावसात थांबल्या तर तिथेच बघा. थांबल्या म्हणून सोडून मात्र देऊ नका.

आरसीसीबी अर्थिंगची जागा घेत नाही

आरसीसीबी फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परत येणारा करंट सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या एका अंशातच पडतो. त्यामुळे "आरसीसीबी लावला, आता अर्थिंगची काय गरज?" असं काही लोक विचारतात. अर्थिंग नसताना आरसीसीबी पडायला करंट तुमच्या शरीरातूनच जावा लागतो. अर्थिंग असेल तर गळती झाली त्या क्षणी, घरात कोणी नसतानाही पडतो. आणि अर्ध्या मिलिअँपिअरच्या झिणझिण्यांना तो कधीच पडणार नाही, ती गळती त्याच्या हिशेबातच नाही.

उलट बाजूही आहे. नुसतं अर्थिंग असेल आणि आरसीसीबी नसेल, तर खड्ड्याचा रेझिस्टन्स महत्त्वाचा ठरतो. समजा तो वीस ओहम आहे आणि फेज सरळ बॉडीला लागली. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. सोळा अँपिअरचा एमसीबी निवांत चालू राहील आणि बॉडी तशीच जिवंत. आरसीसीबीला इतका करंट म्हणजे फारच झाला, तो ताबडतोब पडेल. म्हणून दोन्ही हवेत.

आणि फ्रीजच गळत असेल तर

अर्थिंग नीट झाल्यावर आरसीसीबी फक्त फ्रीज लावल्यावरच पडत असेल, तर दोष फ्रीजमध्ये आहे. कधी पडतो ते टिपून ठेवा, मेकॅनिकला ते फार उपयोगी पडतं. प्लग लावताक्षणी पडत असेल तर कॉर्ड, कॉम्प्रेसरचं टर्मिनल किंवा कार्ड. कॉम्प्रेसर घुरघुरायला लागला की पडत असेल तर कॉम्प्रेसर. तासन्‌तास ठीक चालून मग अचानक पडत असेल, आणि फ्रीज फ्रॉस्ट-फ्री असेल, तर डीफ्रॉस्ट हीटरवर संशय घ्या. तो काही तासांनी एकदाच बर्फ वितळवायला चालू होतो आणि ओलीत राहून त्याचं आवरण फुटतं. मेकॅनिक आला आणि तेव्हा हीटर बंद असला तर त्यालाही दुपारच्या मेकॅनिकसारखंच काही सापडणार नाही. त्याला मेगर, म्हणजे आवरणाचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र, लावून हीटर वेगळा तपासायला सांगा. प्लगच्या दोन पिना आणि अर्थिंगची पिन यांमध्ये किमान एक मेगओहम तरी यायला हवा, चांगल्या फ्रीजमध्ये त्याच्या कितीतरी पट येतो.

मावशीच्या बोर्डावर आता दर महिन्याच्या एक तारखेला आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं जातं. दाबल्यावर तो पडला नाही तर त्याच दिवशी बदलायचा, एवढं तिला सांगून ठेवलंय. त्या बटणाने फक्त आरसीसीबी तपासला जातो, अर्थिंग नाही. म्हणून वर्षातून एकदा, मे महिन्यात, खड्डा सर्वांत कोरडा असताना, मी मल्टिमीटर घेऊन जातो आणि न्यूट्रल-अर्थिंगचा आकडा बोर्डाच्या झाकणाच्या आत पेन्सिलने लिहून येतो.